पसरणीच्या घाटाचा हिशेब

वाईहून पाचगणीला निघालात की गाव मागे पडतं न पडतं तोच पसरणीचा घाट सुरू होतो. एसटीने गेलात तर घाट लागल्याचं डोळे मिटूनही कळतं. ड्रायव्हरकाका खालचा गिअर टाकतात, इंजिन घुमायला लागतं आणि खिडकीची काच थरथरते. पण समजा तुम्ही आत्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरवर मागे बसला आहात. इथे गिअर नाहीत, घुमणारं इंजिनही नाही. स्कूटर सपाट रस्त्यावर ताशी ३६ किलोमीटरने चालली होती आणि घाटातही त्याच वेगाने चालली आहे. सगळं अगदी जसंच्या तसं वाटतं. फक्त बॅटरीचे आकडे मघापेक्षा फार भराभर उतरत आहेत.

वेग तोच, माणसं तीच, स्कूटर तीच. मग जास्तीची वीज कुठे जातेय? चला, हिशेबच मांडू. कागद-पेन्सिल घ्या. गुणाकार-भागाकार येत असले की पुरे.

स्कूटरचं वजन १२० किलो आणि तुम्ही दोघं मिळून १३० किलो धरू, म्हणजे एकूण २५० किलो. (आत्याला तिचं वजन विचारायला जाऊ नका, आपण अंदाजानेच धरलं आहे.) पृथ्वी प्रत्येक किलोला ९.८ न्यूटन एवढ्या जोराने खाली ओढते. एक न्यूटन म्हणजे किती, हे समजायला शंभर ग्रॅमचं वजन तळहातावर ठेवा. हाताला जो भार जाणवेल, तो साधारण एक न्यूटन. आपल्या २५० किलोंना पृथ्वी २५० गुणिले ९.८, म्हणजे २४५० न्यूटनने ओढते.

आता आधी सपाट रस्ता पाहू. सपाट रस्त्यावर एकाच वेगाने जायला जोर लागायलाच नको, असं न्यूटनसाहेबांचा पहिला नियम सांगतो. अडवणारं कुणी नसेल, तर चालती वस्तू चालतच राहते. पण इथे अडवणारे दोघं आहेत. पहिला म्हणजे टायर. फिरताना टायर जमिनीपाशी दबतो आणि पुन्हा फुगतो, आणि या दबण्या-फुगण्यात थोडी ऊर्जा रबरातच उष्णता होऊन मुरते. हवा नीट भरलेल्या टायरसाठी हा अडथळा वजनाच्या शंभरातला दीड हिस्सा धरता येतो. आपल्या स्कूटरला तो सुमारे ३७ न्यूटन पडेल. दुसरा अडवणारा म्हणजे वारा. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. या वेगाने दोन माणसं बसलेली स्कूटर हवा बाजूला सारत जाते, तेव्हा तिला साधारण ३६ न्यूटनचा विरोध होतो. (वेग ३६ आणि विरोधही ३६, हा निव्वळ योगायोग आहे.)

दोघांची बेरीज ७३ न्यूटन झाली. मोटरने चाकामार्फत रस्त्यावर नेमका ७३ न्यूटनचा रेटा दिला, की हिशेब बरोबरीत सुटतो आणि वेग कायम राहतो. रेटा जास्त दिला तर वेग वाढेल, कमी दिला तर घटेल. चाक रस्त्यावर देतं त्या या रेट्याला इंजिनिअर मंडळी ट्रॅक्टिव्ह एफर्ट म्हणतात. आपण ओढजोर म्हणू.

आता घाटात शिरू. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. मधला रस्ता साधारण १२ किलोमीटरचा. म्हणजे १२,००० मीटर चालून आपण ६०० मीटर वर चढतो, दर वीस मीटरला एक मीटर. रस्ते बांधणारे याला ‘विसास एक’ चढ म्हणतात. आपल्या देशात रस्त्यांचे नियम ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्थासुद्धा डोंगराळ भागातल्या रस्त्यांसाठी सर्वसाधारणपणे एवढाच चढ धरायला सांगते. खरा घाट काही असा एकसारखा नसतो. कुठे तो सौम्य असतो, तर कुठे वळणावर छातीवर येतो. पण आपण सरासरी धरू.

चढासाठी किती जास्तीचा जोर लागेल? आपली सगळी वरात, म्हणजे २४५० न्यूटनचं ओझं, एक मीटर वर उचलायचं आहे. पण ते आपण एका दमात उचलत नाही, वीस मीटरच्या रस्त्यावर थोडं थोडं करून उचलतो. मग दर मीटरला वजनाचा विसावा हिस्साच जोर पुरतो. २४५० भागिले २० म्हणजे १२२ न्यूटन आणि वर थोडंसं. उतरण बांधून ओझी वर चढवायची ती युक्ती हीच आहे आणि घाट म्हणजे एक लांबलचक उतरणच.

टायरचे ३७ आणि वाऱ्याचे ३६ काही कुठे गेलेले नाहीत, ते घाटातही आहेतच. त्यात चढाचे १२२ मिळवले की १९५ न्यूटन होतात. सपाटीवर ७३ आणि घाटात १९५, म्हणजे ओढजोर जवळपास पावणेतीन पट झाला.

आता शक्ती काढू. शक्ती म्हणजे दर सेकंदाला केलेलं काम, आणि ती काढायची रीत एका ओळीत मावते:

शक्ती (वॉट) = ओढजोर (न्यूटन) × वेग (मीटर दर सेकंद)

सपाटीवर ७३ गुणिले १०, म्हणजे ७३० वॉट. घाटात १९५ गुणिले १०, म्हणजे १९५० वॉट. एवढी शक्ती चाकाशी पोचायला हवी. बॅटरीपासून चाकापर्यंतच्या वाटेत वायर, कंट्रोलर, मोटर आणि पट्टा असे सगळे आपापला हिस्सा कापून घेतात. शंभरातले पंच्याऐंशी वॉट पोचतात असं धरलं, तर घाटात बॅटरीला सुमारे २३०० वॉट द्यावे लागतात. आकडे भराभर का उतरतात, ते कळलं? पाचगणी येईपर्यंत वीस मिनिटं हे चालतं आणि पाऊण युनिटाहून थोडी जास्तच वीज खर्च होते. तेवढंच अंतर सपाटीवर कापलं असतं, तर पाव युनिटाहून थोड्या जास्त विजेत काम झालं असतं.

इथे कुणीतरी हुशार मुलगी हात वर करणार हे मला माहीत आहे. ‘मग आत्याने सावकाश चालवावं ना! वेग अर्धा केला की शक्तीही अर्धी लागेल, आणि मोटरला आराम मिळेल.’

पहिलं वाक्य बरोबर आहे. शक्ती अर्धीच काय, अर्ध्याहूनही कमी लागेल, कारण वेग कमी झाला की वाऱ्याचा विरोधही घटतो. वेग निम्मा झाला तर वाऱ्याचा विरोध चौथाई होतो, ३६ चे ९ न्यूटन. पण आरामाचं दुसरं वाक्य तपासून पाहायला हवं. चढाच्या १२२ न्यूटनांकडे बघा बरं. त्या हिशेबात आपण वेग कुठे धरला होता? कुठेच नाही. वजन आणि चढ, एवढंच होतं. तुम्ही पळत चढा, रांगत चढा, चढाचा जोर एका न्यूटननेही कमी होत नाही.

खात्री करायची असेल तर घरी करून बघा. एक मीटर लांबीची फळी घ्या आणि तिचं एक टोक पुस्तकांवर ठेवून ५ सेंटिमीटर उचला. झाला तुमचा विसास एक घाट. चाकं सहज फिरतात अशी एक खेळण्यातली गाडी घ्या, तिच्यात वाळू भरून ती एक किलोची करा आणि शाळेतल्या ताणकाट्याला अडकवून फळीवरून वर ओढा. काटा साधारण ५० ग्रॅमच्या पुढे थोडा जाईल. पन्नास चढाचे आणि वरचे चाकांच्या अडथळ्याचे. आता मुद्दाम अगदी हळू ओढा, मग जरा वेगाने ओढा. ओढताना झटका दिला नाहीत तर काटा जवळजवळ जागचा हलणार नाही. मग फळीचं टोक साडेबारा सेंटिमीटर उचलून परत ओढा. आता काटा लगेच पुढे पळेल.

ही साडेबारा सेंटिमीटरची फळी म्हणजे आठास एकचा चढ. रस्त्यावर हा फार झाला, पण इमारतीच्या तळघरात वाहनतळ असतो ना, त्याचा उतार पुष्कळदा एवढा असतो. तर आपली स्कूटर त्या तळघरातून वर आणू. दोघं बसलेलेच आहेत. सेकंदाला २ मीटर, म्हणजे ताशी सात किलोमीटरच्या थोडं पुढे, अगदी सांभाळून. चढाचा जोर २४५० भागिले ८, म्हणजे ३०६ न्यूटन. टायरचे ३७ मिळवा. या वेगाला वारा नगण्य, तो सोडून द्या. एकूण झाले ३४३ न्यूटन. शक्ती ३४३ गुणिले २, म्हणजे ६८६ वॉट.

थांबा, थांबा. पुन्हा वाचा. सपाट रस्त्यावर ताशी ३६ च्या वेगाने जाताना ७३० वॉट लागले होते. तळघरातून वर येताना त्याहून कमी! नुसती शक्ती पाहिली तर मोटरला वाटावं, आपण मजेत सपाटीवर फिरतोय. पण ओढजोर मात्र पावणेपाच पट झाला आहे. आणि मोटर तापते ती या जोरामुळे.

ते कसं? मोटरमध्ये तांब्याच्या तारांची वेटोळी असतात. त्यांतून विद्युतधारा गेली की चुंबकत्व तयार होतं आणि ते चाकाला पीळ देतं. जेवढा पीळ जास्त हवा, तेवढी धारा जास्त लागते. जोर पावणेपाच पट, तर वेटोळ्यांतली धाराही जवळपास पावणेपाच पट. आणि धारा वाहताना तांबं तापतं ते धारेच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे पावणेपाच गुणिले पावणेपाच, सुमारे बावीस पट! सपाटीवर वेटोळ्यांत २० वॉटची उष्णता होत असेल असं समजा, तर या उतरणीवर ४४० वॉटची होईल. छोट्या इस्त्रीएवढी उष्णता मोटरच्या पोटात, आणि वेग कमी असल्यामुळे बाहेरून गार करायला वाराही धड नाही. अशा वेळी बॅटरी ६८६ वॉटच्या शंभरातल्या पंच्याऐंशीच्या हिशेबाने चालत नाही, वाटेत खूप जास्त वाया जातं. म्हणून ती पंच्याऐंशीची टक्केवारी प्रत्येक ठिकाणी वापरायची नाही. जोर जास्त आणि वेग कमी असेल तिथे ती घसरते.

तळघराची उतरण दहा-पंधरा सेकंदांत संपते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. तांबं आणि लोखंड तापायला वेळ लागतो, तोवर आपण वर आलेलो असतो. म्हणूनच मोटरवर दोन आकडे लिहिलेले आढळतात. एक असतो न दमता खूप वेळ देता येईल अशा शक्तीचा आणि दुसरा थोडाच वेळ देता येईल अशा शक्तीचा. दुकानात बहुतेक वेळा दुसराच मोठ्या अक्षरांत सांगतात. घाट चढायचा असेल तर पहिला विचारावा.

सर्वांत गंमत तर तेव्हा होते, जेव्हा वेग शून्य असतो. घाटात पुढे गाड्या अडल्या आहेत आणि एखादा स्कूटरवाला ब्रेक न लावता, अ‍ॅक्सिलरेटर किंचित पिळून, स्कूटर चढावर तोलून उभा आहे. शक्ती किती? ओढजोर गुणिले शून्य, म्हणजे शून्य वॉट. काम काहीच झालेलं नाही, तरी बॅटरीतून वीज जातेच आहे, आणि ती सगळीच्या सगळी उष्णता होते आहे. दप्तर हात लांब करून समोर धरून बघा. दप्तर वर जात नाही, पण हात भरून येतोच ना, तसंच हे. शिवाय चाक फिरत असतं तेव्हा मोटरमधली वेटोळी आळीपाळीने भार घेतात. चाक थांबलं, की ज्या वेटोळ्यांची पाळी चालू होती, तीच अडकून पडतात आणि सगळा ताप त्यांनाच सोसावा लागतो.

मोटर अशी तापली की कळतं कसं? चांगल्या स्कूटरमध्ये मोटरच्या आत तापमान मोजणारा सेन्सर असतो. तापमान ठरलेल्या मर्यादेपाशी आलं की कंट्रोलर आपणहून धारा कमी करतो. डॅशबोर्डवर तापमानाची खूण लागते आणि तुम्ही कितीही पिळलं तरी स्कूटर मरगळल्यासारखी चालते. लोकांना वाटतं बिघाड झाला. बिघाड नाही, तो मोटरने स्वतःला वाचवण्याचा उपाय आहे. सावलीत थांबून तिला गार होऊ दिलं की ती पुन्हा पहिल्यासारखी होते. सेन्सर नसेल आणि जळका वास आला, तर मात्र तारांवरचं पातळ आवरण भाजलं म्हणून समजा. तो खर्च मोठा.

मग कमी वेगाच्या त्या छोट्या स्कूटर, ज्यांना नंबरप्लेटही लागत नाही, त्यांचं घाटात काय होईल? आपल्या नियमात त्यांची मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असावा लागतो. हे २५० वॉट मोजतात ते अर्धा तास सतत देता येणारे. स्कूटर ८० किलोची आणि चालवणारी व्यक्ती ६० किलोची, मिळून १४० किलो. सपाटीवर टायर आणि वारा मिळून सुमारे ३८ न्यूटन होतात. सेकंदाला सात मीटरच्या जरा आतल्या वेगाने २५० वॉट पुरतात, म्हणजे ती ताशी २५ च्या आसपास छान पळते. पसरणीच्या घाटात मात्र चढाचे ६९ आणि टायरचे २१, मिळून ९० न्यूटन लागतात. २५० ला ९० ने भागा. सेकंदाला पावणेतीन मीटरच्या जरा वर, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. बारा किलोमीटरला तासाच्या वर वेळ लागेल, आणि मोटरची हमी तर अर्ध्या तासाचीच आहे. गावात बाजारहाटाला ही स्कूटर उत्तम. पाचगणीला जायचं तर एसटी बरी.

आणि उतरताना? आता १२२ न्यूटन आपल्या बाजूने ओढतात. टायर आणि वारा मिळून ७३ न्यूटन अडवतात. उरले ४९. म्हणजे मोटर बंद ठेवली तरी स्कूटर वेग घेतच जाईल. वेग ३६ वरच ठेवायचा, तर हे ४९ न्यूटन कुणीतरी रोखून धरायला हवेत. ब्रेकने रोखले तर ब्रेक तापतात. मोटरने रोखले तर तीच मोटर जनित्र होते आणि ४९ गुणिले १०, म्हणजे ४९० वॉटमधला काही भाग बॅटरीत परत भरते. चढताना दिलेलं सगळं परत मिळेल अशी आशा करू नका. टायर आणि वाऱ्याने घेतलेलं गेलंच. त्यातून वाटेतली कापाकापी दोन्ही वेळा होते. सगळं जमलं तरी वाईला पोचेपर्यंत एक दशांश युनिटाच्या आसपास वीज हाती लागते. आणि पाचगणीत रात्रभर चार्जिंग करून बॅटरी काठोकाठ भरून निघालात, तर तेवढीही मिळणार नाही. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घालता येत नाही, म्हणून कंट्रोलर मोटरचा रोध बंद करतो आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. तेव्हा पाचगणीहून निघताना बॅटरी शंभर टक्के भरायची नाही. थोडी जागा ठेवायची, आणि ब्रेक आधी तपासून घ्यायचे.

आता एक गणित तुमच्यासाठी. तीच स्कूटर, तोच पसरणीचा घाट, पण या वेळी आत्या एकटीच निघाली आहे आणि पायाशी भाजीची पिशवी आहे. एकूण वजन २०० किलो आणि वेग ताशी १८ किलोमीटर. वाऱ्याचा विरोध दोघांच्या वेळी धरला तसाच धरा, पण वेग निम्मा आहे हे विसरू नका. चाकाशी किती वॉट लागतील? उत्तर ६८० च्या आसपास यायला हवं. फारच वेगळं आलं, तर वाऱ्याचे न्यूटन पुन्हा एकदा तपासा.